मामांना दिलेलं फिटनेसचं पत्र

“एका क्रेन ऑपरेटरला डॉक्टरकडं पाठवायला पत्र कशाला लागतं? तोंडी सांगा ना,” असं आमचे प्लांट हेड म्हणाले. मी जालन्याच्या एका स्टील कारखान्यात एचआर बघतो. तोंडी सांगून झालेलं होतं, आणि त्यातून काय आलं तेही माझ्या टेबलावर पडलेलं होतं: गावातल्या डॉक्टरच्या लेटरपॅडवर एक ओळ, “फिट टू रिझ्युम ड्युटी”, खाली सही-शिक्का. सुपरवायझरनं सकाळी “फिटनेस घेऊन या” म्हणलं आणि संध्याकाळी हा कागद हजर. डॉक्टरांनी खोटं काही लिहिलं नव्हतं. माणूस चालत आला, बोलला, बीपी ठीक निघालं, म्हणजे फिट. पण कशासाठी फिट, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

ज्यांच्याबद्दल लिहितोय त्यांना अख्खा कारखाना मामा म्हणतो. त्यांना विचारून लिहितोय, दोन-चार खुणा बदलल्यात. पन्नाशीचे, बदनापूरकडचे, मेल्ट शॉपमधली, छताखालच्या रुळांवर फिरणारी ईओटी क्रेन चालवणारे. जालन्यात भंगार वितळवून बिलेट, म्हणजे लोखंडाचे लांब चौकोनी ठोकळे, ओततात. इंडक्शन भट्टीतलं लोखंड सोळाशे अंशांच्या आसपास असतं, ते लेडल नावाच्या मोठ्या बादलीसारख्या पात्रात घ्यायचं आणि क्रेननं कास्टिंगच्या स्टँडवर नेऊन ठेवायचं. खाली माणसं फिरत असतात. वर केबिनमध्ये ऑपरेटर एकटा, आणि खालचा सिग्नलमन शिट्टी आणि हात यांवर त्याच्याशी बोलतो. हे काम मामा माझ्या नोकरीच्या आधीपासून करतात. त्यांच्या हातून कधी लेडल हिंदकळली नव्हती.

मग श्रावणाच्या सुमारास तीन गोष्टी घडल्या. एकदा भरलेली लेडल मध्येच थांबली आणि शिट्ट्या मारूनही बराच वेळ क्रेन हलली नाही. एकदा सिग्नल ‘खाली’चा होता आणि हुक वर गेला, तो थेट हालचाल आपोआप थांबवणारा लिमिट स्विच पडेपर्यंत. तिसऱ्यांदा शिफ्ट सुटायच्या आधी मामा शिडीच्या मधल्या टप्प्यावर बसून राहिले. कितवी हीट, म्हणजे भट्टीची कितवी खेप, चालू आहे, या प्रश्नाला त्यांनी भलतंच उत्तर दिलं. दहा मिनिटांनी खाली आले, चहा घेतला आणि नेहमीसारखे बोलायला लागले.

शॉपमध्ये तोवर तीन निदानं तयार झाली होती. सुपरवायझर म्हणायचा दारू, मेंटेनन्सवाले म्हणायचे फिट येते, आणि कॅन्टीनमध्ये कुणीतरी घरच्या भांडणाचा विषय काढलेला. प्लांट हेडनी मला पत्राचा कच्चा मसुदा पाठवला. त्याची पहिलीच ओळ अशी होती: “आपली प्रकृती ठीक नसून आपण कामावर असताना गुंगीत असल्याचे व्यवस्थापनाच्या निदर्शनास आले आहे.” शेवटची ओळ: “सात दिवसांत तपासणी करून न घेतल्यास शिस्तभंगाची कारवाई करण्यात येईल.” या दोन ओळींच्या मधलं काही वाचायची माणसाला इच्छाच उरणार नाही. पहिली ओळ आजार ठरवून मोकळी होते आणि शेवटची आजाराला गुन्हा करते. पुढंमागं प्रकरण लेबर कोर्टात गेलं तर याच दोन ओळी वकील आधी वाचून दाखवेल, हे साहेबांना सांगितल्यावर त्यांनी मसुदा मागे घेतला.

मी पत्र लिहायला घेतलं ते सुरुवातीपासून नाही, मधून. आधी फक्त काय दिसलं ते. सिग्नलमनला बसवून विचारलं, शिफ्टचं लॉगबुक काढलं, लिमिट स्विच ट्रिप झाल्याची इलेक्ट्रिकलची नोंद काढली. ‘झोपले होते’, ‘धुंदीत होते’ असलं काही घेतलं नाही, कारण ते कुणी पाहिलेलं नव्हतं. पाहिलं होतं ते एवढंच की क्रेन हलली नाही. पत्रात ते असं उतरलं:

“सोमवार, पहिली शिफ्ट, दुपारी पाऊणच्या सुमारास: भरलेली लेडल नेताना क्रेन थांबली. सिग्नलमनने दोनदा शिट्टी दिली. अंदाजे अर्धा मिनिट हालचाल झाली नाही. त्यानंतर आपण क्रेन व्यवस्थित पुढे नेली.”

अशाच तिन्ही नोंदी, प्रत्येकीत तारीख, वार, शिफ्ट आणि वेळ. वार लिहायचा तो मस्टरमुळं हाताला लागलेल्या सवयीनं. त्या वारांचा पुढं काय उपयोग होणार आहे याची मला तेव्हा कल्पना नव्हती.

नोंदींच्या खाली एक वाक्य घातलं: “या घटनांचे कारण आम्हांस माहीत नाही आणि ते ठरविणे हे आमचे काम नाही.” यावर साहेब जरा अडखळले. कंपनीनं ‘माहीत नाही’ असं लेखी द्यावं का? मी म्हणलं, खरंच माहीत नाही ना. आणि हेच वाक्य नसेल तर बाकीचं सगळं पत्र आरोपपत्र होतं.

पुढचा भाग पैशाचा. आपल्याकडं या पत्रांमध्ये हा भाग एक तर नसतो किंवा ‘नियमानुसार’ या एका शब्दात उरकलेला असतो. मामांचा पगार एकवीस हजारांच्या वर गेल्यापासून ते ईएसआय या कामगार विमा योजनेच्या बाहेर. म्हणजे ईएसआयचा दवाखाना नाही आणि आजारपणाच्या रजेत मिळणारा पगाराचा ७० टक्के भत्ताही नाही. त्यांना घरी बसवलं तर थेट खिशाला बसणार. त्यातून केबिनचा म्हणून वेगळा क्रेन अलाउन्स मिळतो, तो खाली उतरल्याबरोबर बंद होतो. माणूस तपासणीला घाबरतो त्यामागं सुईपेक्षा हे गणित जास्त असतं. म्हणून पत्रात स्पष्ट लिहिलं की तपासणीचा खर्च आणि जाण्यायेण्याची गाडी कंपनीची, तपासणीचा दिवस ड्युटी धरला जाईल, आणि अहवाल येऊन निर्णय होईपर्यंत जमिनीवरचं काम करतानाही अलाउन्स चालू राहील. त्यानंतरच्या अलाउन्सचं वचन दिलं नाही. अकाउंट्सनं ते मान्य केलं नव्हतं आणि जे हातात नाही ते पत्रात लिहायचं नसतं.

नाही म्हणण्याचा अधिकार हा सगळ्यांत नाजूक परिच्छेद. तपासणी जबरदस्तीनं करता येत नाही, पण तपासणीशिवाय केबिनमध्येही चढवता येत नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, तर दोन्ही तशाच सांगाव्यात. ओळ अशी झाली: “आपण तपासणी न करण्याचे ठरविल्यास तो आपला निर्णय राहील. तसे झाल्यास आमच्याकडे जेवढी माहिती आहे तेवढ्यावरच आम्हांस आपल्या कामाबाबत निर्णय घ्यावा लागेल, आणि तोपर्यंत आपणास क्रेनचे काम देता येणार नाही.” इथं धमकी नाही, पण पुढं काय होईल हे लपवलेलंही नाही.

डॉक्टर कुठले? आमच्याकडं महिन्यातून येणारे डॉक्टर होते, पण मामांना ते ‘कंपनीचे’ वाटतात. म्हणून साठेक किलोमीटरवर संभाजीनगरला बसणारे, एएफआयएच केलेले एक डॉक्टर निवडले. एमबीबीएसनंतर कारखान्यातल्या आरोग्याचा हा तीन महिन्यांचा कोर्स असतो. तो केलेल्या माणसाला ‘लेडल’ म्हणजे काय हे फार समजावून सांगावं लागत नाही. मामांना दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्यायचं असेल तर घेता येईल, असंही लिहिलं.

डॉक्टरांसाठी वेगळं पत्र जोडलं, आणि त्याची प्रत मामांच्या पत्रासोबत लावली. त्यांच्या पाठीमागं डॉक्टरला काही कळवलं जातंय असं वाटायला नको. या दुसऱ्या पत्रात आजाराचं नाव विचारलंच नव्हतं. कामाचं वर्णन होतं: उभ्या शिडीनं चढायचं, आठ तास केबिनमध्ये एकटं, खालून उष्णता, फिरती शिफ्ट, शिट्टी ऐकून लगेच हात थांबला पाहिजे, लांबून अंतराचा अंदाज आला पाहिजे. त्याखाली प्रश्न. हे काम आज सुरक्षितपणे करता येईल का? अचानक भान हरपण्याची शक्यता आहे का? क्रेन नको तर दुसरं कुठलं काम चालेल, कुठल्या अटींवर? परत कधी तपासायचं? उत्तर फक्त एवढ्याचंच द्यावं, रिपोर्ट आणि निदान रुग्णाकडेच द्यावं, अशी विनंती.

तपासणी केंद्रानं कोटेशन पाठवलं त्यात ‘एक्झिक्युटिव्ह पॅकेज’ होतं, चाळीसेक तपासण्यांचं, आणि यादीच्या मध्यात एचआयव्ही. हे कुणी मुद्दाम घातलेलं नव्हतं, तयार पॅकेज होतं. एचआयव्हीची तपासणी माणसाची समजून-उमजून संमती असल्याशिवाय करायची नाही, असा २०१७चा कायदा आहे. आणि क्रेन चालवण्याशी तिचा संबंध काय? मी पॅकेज रद्द करायला लावलं. डॉक्टर स्वतः बघतील आणि त्यांना कामाच्या दृष्टीनं लागतील तेवढ्याच तपासण्या लिहून देतील, असं ठरलं. खर्चही निम्म्यावर आला, त्यामुळं साहेब खूश.

पत्र शॉपमध्ये द्यायचं नाही हे ठरलेलं होतं. पहिली शिफ्ट सुटल्यावर मामांना ऑफिसात बोलावलं. युनियनचा माणूस सोबत आणू शकता म्हणलं, तर त्यांनी पुतण्याला आणलं, तो रोलिंगला आहे. चहा आला. मी पत्र वाचून दाखवलं, सावकाश. ‘दोनदा शिट्टी दिली’ या ओळीवर मामांनी हात वर केला.

“दोन न्हाई साहेब. मला एकच आली ऐकू.”

“लिहा की मग तसं.” पत्राच्या शेवटी त्यांचं म्हणणं मांडायला जागा ठेवलेली होती. पुतण्यानं लिहिलं, मामांनी खाली सही केली.

पोच म्हणून सही करायची वेळ आली तेव्हा मात्र पेन थांबला. “सही केली म्हंजे कबूल केलं असं व्हतंय का?” हा प्रश्न येणार हे दर वेळचं आहे. माझ्या अनुभवात निम्मी माणसं पत्र घेत नाहीत ती याच भीतीनं, मग पोस्टानं घरी पाठवावं लागतं आणि प्रकरण तिथूनच बिघडतं. म्हणून सहीच्या जागेवर आधीच छापलेलं होतं: “पत्र मिळाले. ही सही मजकूर मान्य असल्याची नाही.” पुतण्यानं ते वाचून दाखवलं. मामांनी सही केली, पत्राची घडी घातली आणि शर्टाच्या आतल्या खिशात ठेवली.

“कामावरून काढायचंय का मला?” जाताना दारात विचारलं.

“काढायचं असतं तर गाडी कशाला दिली असती, मामा?”

पत्रात घरचं कुणी सोबत आणता येईल असं लिहिलं होतं. मामी गेल्या. पुढचं सगळं मला नंतर मामांनीच सांगितलं, कंपनीला डॉक्टरांकडून त्यातलं काही आलं नाही. डॉक्टरांनी डोळे, कान, बीपी, ईसीजी, साखर बघितली. रात्री घोरतात का, दिवसा झोप येते का, हे विचारलं. मग आमचं पत्र समोर घेऊन बसले आणि तीन नोंदींवर बोट फिरवत म्हणाले, सोमवार, शनिवार, सोमवार. आणि तिन्ही दुपारच्या. या दिवशी वेगळं काय असतं?

मामांना काही सुचेना. मामी म्हणाल्या, “श्रावणात सोमवार अन् शनिवार धरतेत की हे. दिवस मावळल्यावरच सोडतेत. गोळी मातर चुकवत न्हाईत.”

गोळी साखरेची होती. मामांना डायबेटीस आहे हे कंपनीत कुणालाच ठाऊक नव्हतं. तालुक्याच्या डॉक्टरांनी ग्लिमेपिराइड दिलेलं, सकाळी न्याहारीबरोबर एक. ही गोळी शरीराला इन्सुलिन सोडायला लावते, पोटात अन्न असो वा नसो. सकाळी गोळी घ्यायची, दिवसभर उपास करायचा आणि भट्टीवरच्या केबिनमध्ये बसायचं, म्हणजे दुपारपर्यंत साखर घसरत जाणार. साखर कमी झाली की घाम सुटतो, हात थरथरतात, पुढं बोलणं आणि विचार गोंधळतात. पण मेल्ट शॉपमध्ये घामाकडं कोण बघतं? तिथं सगळेच निथळत असतात. इतरांना जी खूण पहिल्यांदा दिसते तीच आमच्याकडं बुजलेली.

डॉक्टरांनी तिथल्या तिथं निष्कर्ष काढला नाही. ग्लुकोमीटर घ्यायला लावला, कधी कधी बघायचं ते लिहून दिलं आणि सत्तरच्या खाली आकडा आला तर उपासाचा विचार न करता लगेच साखर खायची असं बजावलं. पुढच्या शनिवारी मामा घरी होते. त्यांना वाटलं, एक दिवस बसूनच काढायचाय, काय होतंय. दुपारी आकडा आला ५८. मामींनी साखरेचं पाणी पाजलं आणि डॉक्टरांना फोन लावला.

कंपनीकडं आलं ते एका पानाचं प्रमाणपत्र. क्रेनसाठी तात्पुरते अयोग्य. जमिनीवरच्या कामाला योग्य. उंचीवर आणि भट्टीजवळ एकट्यानं नको, जेवणाची वेळ ठरलेली हवी. सहा आठवड्यांनी फेरतपासणी. आजाराचं नाव नाही, आकडा नाही. प्लांट हेडनी पान उलटून मागं बघितलं, “झालंय काय पण त्याला?” मी म्हणलं, आपल्याला लागतंय ते सगळं यात आहे. शॉपमधल्या तिन्ही निदानांना मात्र काहीच उत्तर मिळालं नाही, आणि काही दिवस ती फिरत राहिली. शेवटी मामांनी स्वतःच कॅन्टीनमध्ये सांगितलं, “शुगर हाय रे मला.” त्यावर अजून दोघांनी आपापल्या गोळ्या दाखवल्या. त्यातला एक फोर्कलिफ्ट चालवतो. त्याचं पत्र आता लिहायचंय.

ते सहा आठवडे मामा स्क्रॅप यार्डात वजनकाट्याच्या नोंदी करायला होते. अलाउन्स निर्णय होईपर्यंत म्हणून चालू ठेवलेला. तात्पुरतं अयोग्य ठरलं हाच निर्णय, असं अकाउंट्सनं म्हणून बघितलं. पत्रातले शब्द ‘अहवाल येऊन निर्णय होईपर्यंत’ असे होते, आणि फेरतपासणी बाकी असताना निर्णय झाला असं धरता येत नाही, यावर मी अडून बसलो. शेवटी मिळाला. पुढच्या पत्रात हे वाक्य मी आणखी घट्ट करणार आहे.

तालुक्याच्या डॉक्टरांनी गोळी बदलली. फेरतपासणीत मामा क्रेनसाठी योग्य ठरले, अटींवर: तीन महिने रात्रपाळी नाही, केबिनमध्ये चढायच्या आधी साखर बघायची, खिशात ग्लुकोज ठेवायचं आणि साडेअकराला खायला खाली उतरायचं. ही शेवटची अट कागदावर साधी दिसते. प्रत्यक्षात साडेअकराला हीट तयार असेल तर लेडल कोण उचलणार? सुपरवायझरनं दोन दिवस हाच वाद घातला. मग मॅग्नेट क्रेनवरच्या पोराला लेडलचं ट्रेनिंग देऊन रिलीव्हर केलं, आणि तोवर मामांचा डबा सव्वाअकराला किंवा बाराला, हीट बघून, पण चुकवायचा नाही, असं ठरलं.

उपासाचा प्रश्न डॉक्टरांनी मामांवर सोडला, फक्त एवढं सांगून की उपासाच्या दिवशी केबिन नाही. आता ज्या दिवशी उपास असेल त्याच्या आदल्या संध्याकाळी मामा सुपरवायझरला सांगतात, आणि शिफ्ट रजिस्टरमध्ये त्यांच्या नावापुढं ‘ग्राउंड’ असं लिहिलं जातं. कारणाचा रकाना कोरा सोडायला मी सांगितलंय.